फॉलिकची गोळी कधीपासून घ्यायची? (आमच्या मेडिकलच्या ग्राहकांसाठी)

आमच्या काउंटरवर आठवड्यातून दोन-तीन वेळा तरी हे ऐकू येतं, "टेस्ट पॉझिटिव्ह आली, आता फॉलिकची पट्टी द्या." आम्ही पट्टी देतो, अभिनंदनही करतो. पण ती गोळी दोन-तीन महिने आधीच सुरू व्हायला हवी होती, हे त्या आनंदाच्या क्षणी सांगणं जिवावर येतं. म्हणून हा कागद छापला.

बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू सुरुवातीला एका सपाट पट्टीसारखा असतो. ती पट्टी दोन्ही कडांनी वळून तिची नळी होते आणि गर्भधारणेपासून साधारण २८ दिवसांत ती बंद होते. कुठे उघडी राहिली तर पाठीच्या कण्याचा किंवा कवटीचा जन्मजात दोष राहतो. नळी बंद होण्याच्या त्या दिवसांत आईच्या रक्तात फोलेट, म्हणजे या गोळीतून मिळणारं जीवनसत्त्व, पुरेसं असावं लागतं.

आता तारखा मांडून बघा. शेवटची पाळी १ मार्चला आली आणि चक्र २८ दिवसांचं आहे असं धरू. गर्भधारणा १५ मार्चच्या आसपास होते. पाळी २९ मार्चला यायला हवी, ती येत नाही. "होईल पुढेमागे" म्हणत आठवडा जातो आणि टेस्ट होते ५ एप्रिलला. डॉक्टरांची वेळ मिळते १८ एप्रिलची, तिथून चिठ्ठी घेऊन तुम्ही आमच्याकडे येता. नळी बंद व्हायची तारीख होती १२ एप्रिल. टेस्टच्याच दिवशी गोळी सुरू केली असती तरी हाताशी एकच आठवडा होता, आणि रोजच्या साध्या डोसने शरीरातली पातळी नीट भरायला दोन ते तीन महिने लागतात. म्हणून मूल हवं असं ठरलं की गर्भनिरोधक बंद करण्याआधीच गोळी सुरू करा. निदान एक महिना आधी तरी हवीच.

डोस रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भारपणाचे पहिले १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत. सकाळी घ्या की रात्री, फरक पडत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. "रोज पालक-मेथी खातो की" असं बरेच जण म्हणतात. जरूर खा, पण भाजी शिजताना त्यातलं बरंचसं फोलेट निघून जातं, त्यामुळे भाजीच्या भरवशावर राहू नये.

आमच्यावर राग निघतो तो ५ मिलिग्रॅमच्या गोळीवरून. मैत्रिणीने तीच घेतली होती, मग आम्हाला का देत नाही? कारण ती साध्या डोसच्या १२ पटींहून जास्त आहे. आधीच्या बाळात असा दोष होता, पती-पत्नींपैकी कुणाला स्वतःला तो आहे, फिटची औषधं चालू आहेत किंवा मधुमेह आहे, अशा वेळी डॉक्टर मोठा डोस देतात. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत, आधी असं बाळ झालेल्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर दोष पुन्हा येण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटलं होतं. बाकीच्यांना एवढ्याची गरज नसते. त्यात आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं नेहमीचं. फॉलिकचा मोठा डोस रक्तक्षय झाकून टाकतो आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर आधी बी-१२ तपासा. म्हणून ५ मिलिग्रॅमसाठी आम्ही चिठ्ठी मागतो. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल.

सरकारी दवाखान्यातली लोह-फॉलिकची लाल गोळी वेगळी. ती चौथ्या महिन्यापासून, मुख्यतः रक्तवाढीसाठी असते. तिची वाट बघत बसलात तर नळीचे दिवस केव्हाच उलटून गेलेले असतात. (या फॉलिकचा शोध लागला त्यात मुंबईचा वाटा आहे बरं का! १९३०च्या आसपास ल्युसी विल्स या डॉक्टर इथल्या गरोदर गिरणी कामगार बायकांच्या रक्तक्षयावर काम करत होत्या, तिथूनच ही वाट निघाली.)

उशीर झालाच असेल तर घाबरू नका, आजपासून सुरू करा. गोळी न घेताही बहुतेक बाळं धडधाकट जन्मतात, आणि गोळी घेऊनही सगळेच दोष टळत नाहीत. त्यामुळे १८ ते २० आठवड्यांची सोनोग्राफी चुकवू नका.

४०० मायक्रोग्रॅमची पट्टी आमच्याकडे नेहमी असते आणि तिची किंमत अगदी किरकोळ आहे. तुम्ही मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर त्याची बाटली किंवा पट्टी घेऊन या. त्यात फॉलिक किती आहे ते आम्ही वाचून सांगतो. पुष्कळदा ते पुरेसं असतं, मग वेगळी पट्टी आम्ही विकत नाही. काउंटरवर गर्दीत बोलायला संकोच वाटत असेल तर दुपारी ३ ते ५ मध्ये या, तेव्हा दुकानात शांतता असते.