वाडा इंदूरला, शेत वाईला: वाटणीचा दावा कुठे लावायचा

रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या एका मावशींनी मला जो प्रश्न विचारला, तो इंदूरच्या बऱ्याच मराठी घरांत आज ना उद्या येणारच आहे. वडिलांचा वाडा इंदूरला, आजोबांचं शेत वाई तालुक्यात, भाऊ साताऱ्याला स्थायिक. वडील गेले, मृत्युपत्र नाही, आणि भाऊ वाटणीचं नाव काढू देत नाही. मावशींना वाटत होतं, दोन ठिकाणी दोन दावे लावावे लागतील. शेजारी सांगत होते, "भाऊ साताऱ्याला राहतो ना, मग दावा साताऱ्यातच." दोन्ही गोष्टी चूक.

प्रतिवादी कुठे राहतो हे पैशाच्या वसुलीत महत्त्वाचं असतं. तिथे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 20 लागतं: प्रतिवादी जिथे राहतो किंवा धंदा करतो, किंवा दाव्याचं कारण पूर्णतः वा अंशतः जिथे घडलं, तिथलं न्यायालय. जमीन-घराचं मात्र वेगळं आहे. स्थावर मालमत्तेची वाटणी, ताबा, हक्काचा निर्णय हे सगळं कलम 16 प्रमाणे मालमत्ता जिथे आहे तिथे. भाऊ साताऱ्याला राहो की सिंगापूरला, इंदूरच्या वाड्याचा दावा इंदूरलाच. आणि 'इंदूर' म्हणजे नेमकं कोणतं न्यायालय, हेही बघावं. वाडा शहरात नसून महू, देपालपूर किंवा सांवेरला असेल, तर तिथली न्यायालयं वेगळी आहेत.

मग वाईच्या शेताचं काय? इथे कलम 17 कामाला येतं. मालमत्ता वेगवेगळ्या न्यायालयांच्या हद्दीत असेल, तर तिचा काही भाग ज्या हद्दीत आहे अशा कोणत्याही एका न्यायालयात सगळ्या मालमत्तेचा दावा लावता येतो. म्हणजे मावशींना इंदूरला एकच दावा लावून वाडा आणि शेत दोन्हींची वाटणी मागता येते. हवं तर तोच दावा वाईकडच्या न्यायालयातही लावता येईल. निवड वादीची.

पण या सवलतीला एक अट आहे आणि तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं: संपूर्ण दाव्याचं मूल्य त्या न्यायालयाच्या आर्थिक अधिकारात बसलं पाहिजे. कलम 15 सांगतं की दावा अधिकार असलेल्या सर्वांत खालच्या दर्जाच्या न्यायालयात लावायचा. मध्य प्रदेशात ही उतरंड मध्य प्रदेश सिविल न्यायालय अधिनियम 1958 च्या कलम 6 मध्ये आहे: खाली व्यवहार न्यायाधीश कनिष्ठ खंड, मग वरिष्ठ खंड, वर जिल्हा न्यायाधीश, ज्यांना वरची मर्यादा नाही. खालच्या दोघांच्या मर्यादेचे आकडे दुरुस्त्यांनी बदलत आले आहेत. म्हणून कुणाच्या जुन्या दाव्यातला आकडा उचलू नका. दावा लावायच्या आठवड्यात चालू आकडा वकिलांकडून किंवा दाखल कक्षातून घ्या.

समजा, मावशींच्या दाव्यात वाड्याचं मूल्य 60 लाख आणि शेताचं 25 लाख धरलं. वाड्याकडे बघून 60 लाखांचं न्यायालय निवडलं आणि शेत नंतर जोडलं, की चूक झाली. बघायची ती 85 लाखांची बेरीज. शिवाय वादपत्रात दोन मूल्यं लिहायची असतात, एक अधिकारक्षेत्रासाठी आणि एक न्यायशुल्कासाठी. ती सारखीच असतील असं नाही. वाटणीत वादी आधीच संयुक्त ताब्यात आहे की त्याला बाहेर काढलं आहे, यावर शुल्काचा हिशोब फिरतो. मावशींच्या वाड्यातल्या खोलीची किल्ली अजून त्यांच्याकडेच आहे. बोलता बोलता त्यांनी पदराच्या गाठीतून काढून दाखवली तेव्हा मी म्हटलं, "ही गोष्ट वकिलांना पहिल्याच दिवशी सांगा."

आता कलम 17 कुठे अडतं ते. वाड्याची आणि शेताची तक्रार एकाच कारणातून निघाली पाहिजे. वडिलोपार्जित मालमत्ता, तेच वारस, तोच वाटणीला नकार, इथपर्यंत काही अडचण नाही. पण समजा भावाने शेत आधीच कुणा तिसऱ्याला नोंदणीकृत खरेदीखताने विकलं आहे. मग ते खरेदीखत रद्द ठरवून मागावं लागतं, खरेदीदार प्रतिवादी होतो, आणि त्याचा इंदूरच्या वाड्याशी काडीचा संबंध नसतो. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेलेला दावा इंदूरचाच होता. एक मालमत्ता इंदूरला, दुसरी मुंबईला, आणि मुंबईच्या मालमत्तेच्या हस्तांतरणाचे दस्त आव्हानात. न्यायालयाने मान्य केलं की कलम 17 एकापेक्षा जास्त मालमत्तांना लागू होतं, पण दाव्याचं कारण एकच हवं. ते वेगळं असल्यामुळे मुंबईची मालमत्ता इंदूरच्या दाव्यातून बाहेर राहिली. ओळखायची खूण सोपी आहे: वाड्यावरचा हक्क सिद्ध करायला जो पुरावा लागतो, तोच शेतासाठी पुरतो का? पुरत नसेल, तर वाईचा दावा वाईकडेच.

म्हणून कागद गोळा करायची सुरुवात वाईच्या सातबाऱ्यापासून करा. त्यावर आज नाव कुणाचं आहे आणि शेवटचा फेरफार कशाचा आहे, हे बघितल्याशिवाय न्यायालय ठरवूच नका. सातबारा, आठ-अ आणि फेरफाराच्या प्रती मराठीत असतात. इंदूरला कामकाज हिंदीत चालतं, तेव्हा त्यांचं हिंदी भाषांतर जोडावं लागेल. वाड्यासाठी रजिस्ट्री किंवा जुना दस्त, नगर निगमची संपत्ती कराची पावती आणि चतुःसीमा. दोन्हींसाठी वडिलांचा मृत्यूचा दाखला आणि वंशावळ. वादपत्रात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 7, नियम 1 प्रमाणे या न्यायालयाला अधिकार कसा पोचतो हे तथ्यांसह लिहावं लागतं. 'या न्यायालयाला अधिकार आहे' एवढंच वाक्य पुरत नाही. वाडा कोणत्या वॉर्डात, शेत कोणत्या गावी, गट नंबर कोणता, नकार कधी मिळाला, हे सगळं यावं.

इंदूरला हुकूमनामा मिळाला तरी शेतीची प्रत्यक्ष वाटणी इंदूरचं न्यायालय करत नाही. सारा आकारलेल्या जमिनीचे हिस्से न्यायालय ठरवतं, आणि कलम 54 प्रमाणे जागेवरची विभागणी जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेला राजपत्रित अधिकारी करतो. तेव्हा शेताच्या मोजणीसाठी एकदा तरी तिकडे जावंच लागणार, हे गृहीत धरा.

चुकीच्या ठिकाणी दावा लागला तर तो फेटाळला जात नाही. आदेश 7, नियम 10 प्रमाणे वादपत्र परत मिळतं, आणि त्यावर न्यायाधीश सादर केल्याची व परत केल्याची तारीख, कुणी सादर केलं आणि थोडक्यात कारण लिहितात. वादपत्र परत करण्याआधी नियम 10-अ खाली अर्ज केला, तर नव्या न्यायालयातली हजेरीची तारीख तिथेच ठरवून मिळते आणि भावाला पुन्हा समन्स बजावण्याचा वेळ वाचतो. पण नव्या न्यायालयात दावा पहिल्यापासून चालतो. मधला काळ मुदतीतून वगळायला मुदत अधिनियमाचं कलम 14 आहे. त्यासाठी आधीचा दावा चांगल्या हेतूने आणि तत्परतेने चालवला होता, हे दाखवावं लागतं. खरेदीखताला आव्हान असेल तर हे फार जपावं, कारण तिथे मुदत साधारण 3 वर्षांचीच असते.

जागेबद्दलची हरकत भावाने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 21 प्रमाणे लवकरात लवकर, मुद्दे ठरण्याच्या वेळी किंवा त्याआधी घ्यायची असते. पण तो गप्प आहे म्हणून निर्धास्त राहू नका. 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत लावलेल्या एका दाव्यात, भूखंड गुडगावचा होता म्हणून, वर्षानुवर्षांनंतर घेतलेली हरकतही मान्य केली आणि वादपत्र परत करणं योग्य ठरवलं.

मावशींच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचंच नाव निघालं. दावा इंदूरलाच लागतो आहे.