बाळ नसताना आलेला पान्हा

नाशिकमधील माझ्या परिचयातील एका तरुणीने एकोणिसाव्या आठवड्यात गर्भपात करून घेतला. सोनोग्राफीत बाळाच्या कवटीचा वरचा भाग आणि मेंदूचा मोठा हिस्सा तयारच झाला नसल्याचे दिसले होते, आणि असे बाळ जगत नाही. घरी मात्र 'आपोआप पडले' असेच सांगण्यात आले. तिसऱ्या दिवशी पहाटे तिचा ब्लाऊज ओला झाला, म्हणून घाबरून तिने एका वडीलधाऱ्या नातेवाईक बाईंना खरे काय ते सांगितले. "जीव घुटमळतोय, त्र्यंबकेश्वरला विधी करून या," असे उत्तर मिळाल्यावर तिने पुन्हा कुणाजवळ तोंड उघडले नाही.

त्या दुधाचे कारण वारेत आहे. गर्भारपणात मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी दूध तयार करायला लावणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढवत नेते आणि साधारण सोळाव्या आठवड्यापासून स्तनांतील पेशी दूध करण्याच्या बेतात येतात. परंतु वारेतून येणारे प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक त्यांना रोखून धरते. वार बाहेर पडली की दोन-तीन दिवसांत प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरते, प्रोलॅक्टिन मात्र अजून वर असते, आणि पान्हा फुटतो. बाळ जिवंत आहे की नाही, गर्भपात का करावा लागला, यांपैकी काहीही त्या पेशींपर्यंत पोहोचत नाही. त्यांना फक्त वार गेल्याचे कळते. म्हणून त्या पान्ह्यात ना कुणाचा शाप असतो, ना चुकीच्या निर्णयाची खूण.

दूध काढले नाही तर साठलेल्या दुधामुळेच पेशींचे काम मंदावते आणि बहुधा आठवडा-दोन आठवड्यांत ते आटते. आधार देणारी ब्रा आणि थंड पट्ट्या यांनी ठणका कमी होतो. दूध थांबवणारी गोळीही असते, पण रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असल्यास ती चालेलच असे नाही, म्हणून ती डॉक्टरांनीच द्यावी. ताप आला किंवा स्तनाचा एखादा भाग लाल व कडक झाला तर थांबू नये. हे सारे रुग्णालयातून घरी जातानाच सांगायला हवे होते. तिला कुणी सांगितले नव्हते, याचे मला फार वाईट वाटते.

दुःखाचे गणित मात्र संप्रेरकांवर संपत नाही. निर्णय पटलेला असूनही ते बाळ तिला हवे होते, आणि त्याच्यासाठी रडायला तिला न्हाणीघरातील नळ सोडावा लागत होता. असे दुःख लाटांसारखे येते आणि मध्ये थोडा श्वास घेऊ देते. परंतु दोन आठवडे दिवसाचा बराच वेळ उदासी हटली नाही, झोप व भूक गेली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर उपचार लागतात. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव गुप्त ठेवणे 2021 च्या दुरुस्तीपासून डॉक्टरांवर कायद्यानेही बंधनकारक आहे आणि ते फोडणाऱ्या डॉक्टरला शिक्षा होऊ शकते. 14416 या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

बाराव्या दिवशी तिचे दूध थांबले. त्या रात्री गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेली असताना तिने तो क्रमांक लावला, आणि पहिली काही मिनिटे ती नुसती रडली.