असमान खर्चांखालील किंमत-स्पर्धा

एकसारखाच माल विकणाऱ्या दोन उत्पादकांचा दर नगाचा खर्च वेगवेगळा असेल आणि दोघेही फक्त भावावर स्पर्धा करत असतील, तर कमी खर्चाचा उत्पादक प्रतिस्पर्ध्याच्या खर्चाच्या किंचित खाली भाव ठेवून सगळी बाजारपेठ घेतो. मात्र त्याचा दर नगामागचा नफा दोन खर्चांमधील फरकाइतकाच राहतो. मोजकेच विक्रेते असलेल्या बाजाराच्या, म्हणजे अल्पविक्रेताधिकाराच्या, सिद्धांतात ही स्थिती ‘बर्त्राँ स्पर्धे’चा असमान खर्चांचा प्रकार म्हणून ओळखली जाते.

हे नाव फ्रेंच गणिती जोझेफ बर्त्राँ यांच्यावरून पडले असले, तरी श्रेय पूर्णतः त्यांना देणे अवघड आहे. आंत्वान ऑग्युस्तँ कूर्नो यांनी १८३८ च्या ग्रंथात खनिज पाण्याच्या दोन झऱ्यांच्या मालकांचे उदाहरण घेऊन, प्रत्येक मालक आपल्या मालाचे परिमाण ठरवतो असे गृहीत धरले होते. बर्त्राँ यांनी १८८३ मध्ये त्या ग्रंथाचे परीक्षण करताना आक्षेप घेतला, की दुसऱ्यापेक्षा थोडा कमी भाव लावला की सगळे गिऱ्हाईक आपल्याकडे वळते, त्यामुळे भाव उतरवण्याला सीमाच राहत नाही. त्या उदाहरणात झऱ्याचे पाणी काढण्याला खर्चच नाही. साहजिकच, खर्च असमान असले तर काय होईल हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. बर्त्राँ यांनी कूर्नो यांचे म्हणणे नीट वाचले नव्हते, असेही काही इतिहासकार मानतात. आज पाठ्यपुस्तकांत दिसणारे प्रतिमान पुढील काळात, विशेषतः खेळ-सिद्धांताची भाषा रूढ झाल्यावर घडले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

प्रतिमानाची रीत मुंबईच्या एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. कुलाब्याचा ससून डॉक १८७५ मध्ये सुरू झाला. तेथून समुद्रात जाणाऱ्या बोटींना मासळी टिकवण्यासाठी बर्फाच्या लाद्या लागतात. एका वजनाची लादी दुसरीसारखीच असल्याने बोटीचा मालक भाव विचारून स्वस्त तेथून माल उचलतो. समजा, ‘क’ हा कारखाना धक्क्याजवळ असून त्याला एक लादी १८० रुपयांना पडते. ‘ख’ कारखाना नवी मुंबईत आहे आणि ट्रकभाडे धरून त्याची लादी धक्क्यावर २२० रुपयांना पडते. भाव लादीमागे एक रुपयाने वाढला की दिवसाची मागणी दोन लाद्यांनी घटते आणि २२० रुपये भावाला ५६० लाद्या खपतात, असे धरू.

‘क’ एकटाच असता, तर त्याला ३४० रुपये हा भाव सर्वाधिक फायद्याचा ठरला असता: ३२० लाद्या, प्रत्येकीमागे १६० रुपये, म्हणजे दिवसाला ५१,२०० रुपये. परंतु भाव २२० च्या वर गेला की ‘ख’ ला ट्रक पाठवणे परवडते, आणि तो थोडा कमी भाव सांगून गिऱ्हाईक नेतो. म्हणून ‘क’ भाव २२० च्या किंचित खाली ठेवतो आणि साधारण २२,४०० रुपये कमावतो. ‘ख’ एकही लादी विकत नाही, तरी भाव ठरतो तो त्याच्याच खर्चावरून. ‘ख’ चा खर्च ३४० रुपयांहून अधिक असता, तर मात्र त्याचा धाक उरला नसता आणि ‘क’ ने मक्तेदाराचाच भाव लावला असता. अर्थशास्त्रज्ञ केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये खर्च घटवणाऱ्या शोधाचे मोल तपासताना हाच भेद पायाभूत धरला: शोधामुळे मक्तेदारीचा भाव जुन्या खर्चाच्याही खाली आला तर जुने उत्पादक निष्प्रभ होतात, एरवी नव्या उत्पादकाचा भाव त्यांच्या खर्चापाशी अडतो.

‘किंचित खाली’ या शब्दांत एक तांत्रिक अडचण दडलेली आहे. भाव कितीही बारीक अंशाने बदलता येत असेल, तर २२० च्या खालचा सर्वांत मोठा आकडा अस्तित्वातच नसतो. कोणताही भाव घेतला तरी त्याहून थोडा बरा भाव सापडतो, आणि काटेकोर अर्थाने समतोल, म्हणजे एकट्याने भाव बदलून कोणाचाच फायदा होत नाही अशी स्थिती, मिळत नाही. जुन्या मांडणीत यावर दोन तोडगे दिसतात. पहिल्यात दोघांचा भाव सारखा असता सगळे गिऱ्हाईक कमी खर्चाच्या उत्पादकाकडे जाते असे मानले जाते. ते सोयीचे आहे, पण गिऱ्हाइकाने तसे का वागावे याचे कारण त्यात नाही. दुसऱ्यात भाव ठरावीक टप्प्यांनीच बदलतो असे धरतात. धक्क्यावर भाव पाच-पाच रुपयांनी बोलले जात असतील, तर ‘ख’ ने २२५ आणि ‘क’ ने २२० सांगणे हा समतोल ठरतो. ‘ख’ ने २२० वर उतरून काही गिऱ्हाईक ओढले तरी त्याला लादीमागे काहीच सुटत नाही. उलट ‘क’ ने २२५ मागितले तर निम्मे गिऱ्हाईक जाते. अँड्रियास ब्लूम यांनी २००३ मध्ये तिसरा मार्ग दाखवला: ‘क’ नेमका २२० भाव लावतो आणि ‘ख’ २२० च्या लगत वरच्या छोट्या पट्ट्यातून यदृच्छया भाव निवडतो. मग ‘क’ ने भाव जरासा वाढवला तरी गिऱ्हाईक गमावण्याचा धोका मिळणाऱ्या वाढीव पैशांहून मोठा ठरतो. गिऱ्हाइकाविषयी कोणतेही सोयीचे गृहीतक न लादणारी ही मांडणी अधिक समाधानकारक आहे.

याखेरीज १८० ते २२० च्या दरम्यानचे इतर भावही, ‘ख’ स्वतःच्या खर्चाखाली भाव सांगतो असे धरल्यास, समतोलात बसवता येतात. पण तसा भाव सांगण्यात ‘ख’ चा कधीच फायदा नसतो आणि गिऱ्हाईक खरोखर आले तर तोटाच होतो. म्हणून बहुतेक अभ्यासक ते बाजूला ठेवतात.

बाजारात ही स्थिती भावाच्या चालीवरून ओळखता येते. ‘क’ ने नवा कॉम्प्रेसर बसवून आपला खर्च १७० वर आणला, तरी भाव हलत नाही. दहा रुपये त्याच्याच गल्ल्यात जातात. उलट ट्रकभाडे लादीमागे दहा रुपयांनी वाढले, तर ‘क’ चा स्वतःचा खर्च तसाच असूनही भाव २३० होतो, खप ५४० वर येतो आणि त्याचा नफा २७,००० रुपयांवर जातो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते; तेव्हा प्रत्येक भावाची मागणी सारख्याच प्रमाणात घटली, तर लाद्या कमी खपतील, पण भाव २२० लाच चिकटून राहील.

प्रतिमानाची सर्वांत मोठी मर्यादा उत्पादनक्षमतेची आहे, आणि अर्थशास्त्रज्ञ फ्रान्सिस एजवर्थ यांनी ती १८९७ मध्येच दाखवली होती. ‘क’ च्या टाक्यांत दिवसाला ४०० च लाद्या गोठत असतील, तर २२० रुपये भावाला उरलेले १६० लाद्यांचे गिऱ्हाईक ‘ख’ कडे जाणारच. मग ‘ख’ ला २२० च्या वर भाव मागता येतो, त्यामुळे ‘क’ लाही २२० वर थांबण्याचे कारण राहत नाही, आणि एक ठाम भाव मिळण्याऐवजी भाव वरखाली होत राहू शकतात. उधारी, जुने संबंध किंवा लादी वेळेवर धक्क्यावर येण्याची खात्री यांमुळे गिऱ्हाईक थोड्या फरकासाठी हलत नसेल, तर ‘ख’ चाही काही खप टिकतो.

कायद्याच्या दृष्टीने हा भाव ‘भक्षक किंमत’ ठरत नाही. भारताच्या स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ४ मध्ये भक्षक किंमत म्हणजे स्पर्धा घटवण्याच्या वा स्पर्धक हटवण्याच्या हेतूने खर्चाखाली लावलेली किंमत असे म्हटले आहे. ‘क’ चा भाव प्रतिस्पर्ध्याच्या खर्चाखाली असला, तरी स्वतःच्या खर्चाच्या चाळीस रुपये वर असतो.