बाटलीत अल्कोहोल कशासाठी आलं? माऊथवॉशची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या मेडिकलमध्ये आज दोन तऱ्हेचे माऊथवॉश शेजारीशेजारी ठेवलेले दिसतात. एक झोंबणारा, एक ‘अल्कोहोल-फ्री’ लिहिलेला. झोंबतो तो जंतू मारतो आणि गोड लागतो तो नुसता वासाचा, असा समज बऱ्याच जणांचा असतो. माळकरी घरांत आणि मुस्लिम घरांत अल्कोहोल नसलेलीच बाटली हवी असते, पण ती कमी ताकदीची तर नाही ना, अशी शंका तिथेही असते. ही शंका मिटवायची तर अल्कोहोल या बाटलीत मुळात कशासाठी घातलं गेलं, तिथपासून सुरुवात करावी लागते.

1879 साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये जोसेफ लॉरेन्स या डॉक्टरने एक जंतुनाशक द्रव तयार केला. शस्त्रक्रियेत जंतुनाशकांचा आग्रह धरणाऱ्या जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून त्याला लिस्टरीन म्हणू लागले. तो तोंडासाठी नव्हता. जखमा धुवायला, शस्त्रक्रियेच्या कामाला तो वापरला जाई. 1895 पासून तो दंतवैद्यांना विकला जाऊ लागला आणि 1914 मध्ये चिठ्ठीशिवाय दुकानात मिळू लागला.

त्यातले चार मुख्य घटक आपल्याला अनोळखी नाहीत. थायमॉल म्हणजे ओव्याच्या तेलातला तोच तीव्र वासाचा पदार्थ, ज्याला आपल्याकडे ‘ओव्याचं फूल’ म्हणतात. पहिल्या महायुद्धाच्या आधी भारतातला ओवा जर्मनीला जाई आणि तिथे त्यातून थायमॉल काढलं जाई. बाकीचे तीन म्हणजे निलगिरी तेलातलं युकॅलिप्टॉल, पुदिन्याचं मेन्थॉल आणि सांधेदुखीच्या मलमाला ज्याचा वास येतो ते मिथाइल सॅलिसिलेट. प्रमाण अगदी थोडं असतं. थायमॉल 0.064 टक्के, युकॅलिप्टॉल 0.092, मिथाइल सॅलिसिलेट 0.060 आणि मेन्थॉल 0.042 टक्के.

अडचण इथेच होती. ही तेलं पाण्यात नीट विरघळत नाहीत, वर तरंगतात किंवा द्रव गढूळ करतात. अल्कोहोलमध्ये मात्र सहज विरघळतात. म्हणून मूळ पिवळट लिस्टरीनमध्ये 26.9 टक्के अल्कोहोल होतं, म्हणजे वाइनच्या जवळपास दुप्पट. नंतरच्या पुदिन्याच्या चवीच्या प्रकारात ते 21.6 टक्क्यांवर आलं. अल्कोहोल जंतूंना नीट मारतं ते साधारण 60 ते 70 टक्क्यांच्या आसपास. 21 किंवा 27 टक्के अल्कोहोलने अर्ध्या मिनिटात दातांवरच्या चिकट थरातले जंतू मरत नाहीत. त्याचं काम तेलं विरघळवून ठेवण्याचं. तेलं काढून टाकलेला अल्कोहोलचा द्रव आणि साधं पाणी यांची तुलना करणाऱ्या चाचण्यांत दातांवरच्या थरावर दोघांमध्ये फरक दिसला नाही. तेलं घातलेला द्रव मात्र पुढे निघाला. तोंडात जी आग होते, ती ताकदीची खूण नाही.

मग ही बाटली घराघरांत कशी गेली? 1920 च्या दशकात कंपनीने जाहिरातींतून ‘हॅलिटोसिस’ हा वैद्यकीय शब्द उचलला आणि तोंडाच्या वासामुळे लग्न मोडतात, मैत्री तुटते अशा गोष्टी लोकांपुढे ठेवल्या. खप प्रचंड वाढला. सर्दी आणि घसादुखी टळते असा दावाही अनेक दशकं चालला. 1975 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तो खोटा ठरवून दुरुस्तीच्या जाहिराती द्यायला लावल्या. 2005 मध्ये तिथल्या न्यायालयाने आणखी एक दावा थांबवला. दातांच्या फटी धाग्याने साफ करण्याइतकाच माऊथवॉश परिणामकारक आहे, असं त्या जाहिरातीत म्हटलं होतं. दोन दातांच्या मधल्या जागेतला थर खरवडूनच निघतो, हे त्या निर्णयामुळे ग्राहकांपुढे आलं आणि ते आजही तितकंच खरं आहे.

हिरड्यांची शास्त्रीय बाजू वेगळ्या वाटेने पुढे गेली. 1965 मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हूस इथे हेराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी 12 निरोगी जणांना दात घासणं बंद करायला सांगितलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा घासायला लागल्यावर सूज गेली. हिरड्यांची सुरुवातीची सूज दातांवरच्या थरामुळेच येते, हे त्यातून ठरलं. मग 1970 मध्ये लो आणि शियॉट यांनी दाखवलं, की क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या 0.2 टक्क्यांच्या 10 मिलिलिटर द्रवाने दिवसातून दोनदा चूळ भरली, तर न घासताही थर जवळजवळ साचत नाही.

क्लोरहेक्सिडिन इतकं चालतं, कारण त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. दात आणि तोंडाच्या आतल्या अस्तरावर तो चिकटतो आणि पुढचे कित्येक तास हळूहळू सुटत राहतो. इथे अल्कोहोलचा संबंध नाही. अल्कोहोल नसलेलं क्लोरहेक्सिडिन तितकंच काम करतं. सेटिलपायरिडिनियम क्लोराइड या दुसऱ्या घटकाचंही तेच. तो पाण्यात विरघळतो, म्हणून बहुतेक अल्कोहोल-फ्री बाटल्यांत तोच असतो. लेबलवर त्याचं प्रमाण साधारण 0.05 ते 0.07 टक्के दिसतं. तेलांच्या बाटलीतून अल्कोहोल काढायचं असेल, तेव्हा मात्र बनवणाऱ्याची कसोटी लागते. तेलं धरून ठेवायला साबणासारखे पदार्थ घालावे लागतात आणि ते जास्त झाले, तर तेलं त्यांच्याच आत अडकून जंतूंपर्यंत कमी पोहोचतात.

कर्करोगाची भीती 2008 च्या सुमारास जोर धरू लागली. अल्कोहोलचं तोंडात ॲसिटाल्डिहाइड हा घातक पदार्थ बनतो आणि त्यामुळे धोका वाढतो, असं ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांनी मांडलं. 2012 मध्ये 18 अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा माऊथवॉश वापरणं आणि तोंडाचा कर्करोग यांच्यात ठोस संबंध दिसला नाही. हा प्रश्न पूर्ण मिटलेला नसला, तरी मराठवाड्यात प्राधान्य कशाला द्यायचं हे स्पष्ट आहे. तंबाखू-चुना, गुटखा, मिसरी आणि सुपारी यांनी तोंडाचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. ज्याला यातलं व्यसन आहे, ज्याच्या गालाच्या आत पांढरे चट्टे आहेत किंवा तोंड पूर्ण उघडत नाही, त्याने अल्कोहोलच्या बाटलीच्या वाटेला जाऊच नये. बाटली घ्यायच्या आधी त्याने तोंड दाखवून घ्यायला हवं.

अल्कोहोल टाळावं असे आणखी काही लोक आहेत: लहान मुलं, गरोदर स्त्रिया, दारू सोडलेले, तोंडात फोड असलेले आणि ज्यांचं तोंड औषधांमुळे किंवा मधुमेहामुळे आधीच कोरडं असतं असे. निरोगी माणसांवरच्या थोड्या दिवसांच्या चाचण्यांत अल्कोहोलमुळे लाळ कमी झाल्याचं दिसलं नाही, पण कोरड्या तोंडात आग मात्र वाढते. उन्हाळ्यात कमी पाणी पिऊन शेतात राबणाऱ्याचं तोंडही असंच असतं. बाकीच्यांना कुठलीही बाटली चालते.

आता वासाचं. तोंडाचा वास बहुतेक वेळा तोंडातूनच येतो, पोटातून नाही. जिभेच्या मागच्या भागावरच्या खडबडीत थरात राहणारे जंतू प्रथिनं कुजवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथाइल मरकॅप्टन हे गंधकाचे वायू सुटतात. रात्री लाळ कमी होते, म्हणून सकाळी वास जास्त. माऊथवॉश हे वायू काही तास दाबतो. ज्यात जस्ताचे क्षार असतात, तो गंधकाला बांधून घेतो म्हणून वास जास्त वेळ थांबवतो. नुसत्या पुदिन्याचा सुगंध त्याहून लवकर उतरतो. पण थर जिथे आहे तिथेच राहिला, तर वास परत येतो. तो जिभलीने मागून पुढे तीन-चार वेळा हलकेच ओढून काढावा लागतो.

हिरड्यांना रोजच्या वापराचा फायदा आहे, पण तो घासण्याच्या वर थोडासा. 2017 मध्ये क्लोरहेक्सिडिनवरच्या 51 चाचण्यांचा एकत्र आढावा निघाला. सौम्य सूज असलेल्यांमध्ये 0 ते 3 च्या मोजपट्टीवर सूज 0.21 ने कमी झाली होती आणि हा फरक उपचाराच्या दृष्टीने फार मोठा नाही, असं आढावा घेणाऱ्यांनीच म्हटलं. तेलांच्या बाटल्यांवरही सहा-सहा महिन्यांच्या चाचण्या आहेत आणि त्यांत हिरड्यांना फायदा दिसतो. त्यातल्या बऱ्याच चाचण्यांना उत्पादकांचा पैसा होता, हे त्या आकड्यांसोबत वाचायला हवं.

लातूरच्या आडत बाजारातला पन्नाशीचा एक व्यापारी समजा. घासताना हिरड्यांतून रक्त येतं, वासही येतो. तो झोंबणारी बाटली आणतो आणि सकाळ-संध्याकाळ 20 मिलिलिटरने चूळ भरतो. तासाभराने वास परत येतो. मेडिकलवाला आता क्लोरहेक्सिडिन देतो. व्यापारी ते टूथपेस्टने घासल्याबरोबर तोंडात भरतो आणि इथे औषधाचा मोठा भाग वाया जातो, कारण टूथपेस्टमधला सोडियम लॉरिल सल्फेट हा फेस आणणारा पदार्थ त्याला निकामी करतो. अर्धा तास थांबून 10 मिलिलिटर, पाणी न मिसळता, अर्धा ते एक मिनिट फिरवून थुंकायला हवं होतं आणि नंतर लगेच चहा टाळायला हवा होता. तो दिवसाला पाच-सहा चहा घेतो, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांत दात तपकिरी दिसू लागतात. जेवणातल्या मिठाची चवही कमी लागते.

रक्त थोडं कमी होतं, म्हणून तो बाटली सुरूच ठेवतो. खरी गोची इथे आहे. द्रव हिरडीच्या आत फारसा खोल जात नाही. याच्या दाढा आणि हिरडी यांच्या मधल्या खोबणी पाच-सहा मिलिमीटर खोल झाल्या आहेत आणि आत कडक कीटण बसलं आहे. कीटण कोणत्याही द्रवाने विरघळत नाही. वरची सूज उतरल्याने रक्त थांबतं, आत हाड झिजतच राहतं. दात हलायला लागल्यावर तो दवाखान्यात जातो. या माणसाला हवं आहे ते स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडून काढणं, खोबणींचं मोजमाप आणि रक्तातली साखर तपासणं, कारण मधुमेह असेल तर हिरड्यांचा आजार वेगाने वाढतो. स्केलिंगनंतर ब्रश लावताना दुखत असेल, त्या दोन आठवड्यांपुरतं क्लोरहेक्सिडिन ठीक. त्यानंतर ते बंद करून फटींसाठी छोटा ब्रश आणि जिभेसाठी जिभली सुरू करायची. चहाचे डाग पुढच्या तपासणीच्या वेळी पॉलिश करून निघतात.