थंड हवा जड, मग ती खालून का सोडायची?

“थंड हवा जड असते, म्हणून एसीची हवा छतातूनच सोडावी, खुर्चीखालून सोडली तर पाय गारठतात आणि डोक्याशी उकडतं,” असं म्हणतात.

थंड हवा जड असते हे बरोबरच आहे. म्हणूनच खुर्चीखालून सोडली की ती जमिनीलगत पसरते. बसलेल्या माणसाच्या अंगाची ऊब तिला वर ओढते आणि छताशी साठलेली गरम हवा बाहेर काढली जाते.

सांगलीतलं 500 खुर्च्यांचं नाट्यगृह धरा. माणूस सुमारे 70 वॅट उष्णता हवेला देतो. माणशी सेकंदाला 15 लिटर हवा दिली, तर ती साधारण 4 अंशांनी तापते: 20 अंशांनी आत, 24 ने बाहेर.

पाय गारठतात ते हवा 16 अंशांची किंवा वेगाची असली तर. घोट्याशी वेग सेकंदाला 0.2 मीटरच्या आत हवा.

हवा कमी सोडली, की गरम थराची खालची कड चेहऱ्यापर्यंत उतरते. बाल्कनीत हे आधी जाणवतं. तिथे मी जास्तच हवा धरेन.

भरल्या प्रयोगात घोट्याशी आणि बसलेल्या डोक्याशी तापमापक ठेवा. फरक 3 अंशांच्या आत हवा.