फुगा कोणी फुगवला? मेमरी ओव्हरकमिटची पार्श्वभूमी

आठ जीबीची एक लिनक्स व्हीएम. त्यावर डेटाबेस चालतो आणि रात्री दहानंतर तो रांगायला लागतो. गेस्टमध्ये शिरून पाहिलं, तर आकडे असे:

```
$ free -m
        total    used    free  buff/cache
Mem:     7821    7412     118         291
Swap:    4095    2933    1162
```

सगळ्या प्रोसेसची बेरीज केली, तर ती जेमतेम साडेतीन जीबी. उरलेली मेमरी `top` मध्ये कुणाच्याच नावावर नाही. मग ही आज्ञा दिली:

```
$ vmware-toolbox-cmd stat balloon
3584 MB
```

म्हणजे गेस्टच्या पोटात साडेतीन जीबीचा फुगा फुगलेला होता आणि तो फुगवला होता खालच्या हायपरव्हायजरने. होस्टवर 128 जीबी रॅम, त्यावर आठ-आठ जीबीच्या 20 व्हीएम, म्हणजे वाटप 160 जीबीचं: असलेल्यापेक्षा जास्त वाटायचं, हेच ओव्हरकमिट. दिवसा हे निभत होतं. रात्री बॅकअप सुरू झाला की प्रत्येक गेस्ट फाइली वाचून आपली कॅश भरायचा आणि 20 जण एकदमच पानावर बसायचे.

गेस्ट बिघडला म्हणून स्वॅप करत नव्हता. त्याला स्वॅप करायला लावणं हीच मूळ रचना आहे. ती अशी का झाली, हे कळायला पन्नासेक वर्षं मागे जावं लागतं.

आयबीएमने 1972 मध्ये व्हीएम/370 आणलं. एका मेनफ्रेमवर अनेक आभासी मशीन, आणि त्यांना दिलेली मेमरी खऱ्या मेमरीपेक्षा जास्त. कमी पडलं की हायपरव्हायजर काही पेज डिस्कवर टाकायचा. पण आत चालणारी ऑपरेटिंग सिस्टीमसुद्धा आपल्यापुरतं पेजिंग करायचीच. एकाच मेमरीचे दोन कारभारी, आणि दोघांची एकमेकांशी बोलचाल नाही. रॉबर्ट गोल्डबर्ग आणि रॉबर्ट हॅसिंगर यांनी 1974 मध्ये यातला पेच मांडला: डबल पेजिंग.

तो पेच असा. हायपरव्हायजरला जागा हवी असते, म्हणून तो बराच काळ न वापरलेलं एक पेज उचलून डिस्कवर टाकतो. गेस्टला हे कळत नाही. थोड्या वेळाने गेस्टलाही जागा कमी पडते आणि तोही आपलं सर्वांत जुनं पेज शोधतो. निकष दोघांचा तोच, त्यामुळे नेमकं तेच पेज त्याच्या हाती लागतं. ते स्वॅपमध्ये लिहायचं तर आधी मेमरीत हवं. म्हणून हायपरव्हायजर ते डिस्कवरून परत वाचतो, गेस्ट ते लगेच दुसऱ्या डिस्कवर लिहितो, आणि आत्ताच कष्टाने आणलेली प्रत वाया जाते. एक निरुपयोगी पेज हलवायला तीनदा डिस्क. आयबीएमने यावर हँडशेकिंगची तोड काढली: गेस्टला आपण व्हीएममध्ये आहोत हे माहीत असायचं आणि पेजिंग तो खालच्यावर सोपवायचा. मात्र त्यासाठी गेस्टमध्ये बदल करावा लागे.

हा प्रश्न पीसीच्या जगात परत आला, तेव्हा हाच बदल करणं अवघड होतं. व्हीएमवेअरच्या ईएसएक्स या हायपरव्हायजरवर विंडोज चालवायचं होतं, आणि विंडोजचा गाभा बदलणं त्यांच्या हाती नव्हतं. कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी 2002 च्या शोधनिबंधात त्यांचा तोडगा सांगितला. गेस्टमध्ये एक छोटा ड्रायव्हर बसवायचा. खालून हुकूम आला की तो गेस्टकडेच मेमरी मागतो, ती कधीही हलवता येणार नाही अशी धरून ठेवतो, आणि कोणती पेज मिळाली ते हायपरव्हायजरला कळवतो. त्या पेजमागची खरी रॅम मग दुसऱ्या व्हीएमला देता येते. हाच तो बलून.

कोणतं पेज महत्त्वाचं आणि कोणतं टाकाऊ, हे फक्त गेस्टला माहीत असतं. हायपरव्हायजरला एवढंच दिसतं, की या पेजला कधीतरी हात लागला होता. गेस्टमधल्या प्रोग्रॅमने ते नंतर मोकळं केलं, की त्यात कालच्या लॉगची कॅश आहे, की डेटाबेसचा जीव, हे त्याला कळायला मार्ग नाही. म्हणून निवड गेस्टवर सोपवली. फुगा फुगला की शहाणा गेस्ट आधी मोकळी पेज देतो, मग कॅश सोडतो, आणि अगदीच गळ्याशी आलं की स्वॅप करतो. हायपरव्हायजरने आंधळेपणाने स्वॅप करणं हा शेवटचा मार्ग ठेवला. त्या निबंधातल्या ईएसएक्समध्ये होस्टची मोकळी मेमरी 4 टक्क्यांच्या आसपास आली की फुगा, आणि 2 टक्क्यांपर्यंत घसरली की थेट स्वॅप, असा क्रम होता.

फुग्याच्या जोडीला दुसरी एक युक्ती होती, आणि माझ्या मते ओव्हरकमिट खरं तर तिच्याच जिवावर परवडत होतं. अनेक व्हीएममध्ये सारखाच मजकूर असलेली पेज शोधायची आणि रॅममध्ये एकच प्रत ठेवायची. त्याच निबंधात विंडोज एनटीच्या दहा व्हीएमचा एक खराखुरा होस्ट आहे: 2048 एमबीपैकी 673 एमबी अशी परत मिळाली. जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि गेस्टला धक्काही न लावता. लिनक्समध्ये हीच कल्पना केएसएम नावाने 2009 च्या अखेरीस आली.

पण पुढे ही बचत आटत गेली. आधी प्रोसेसरमध्ये आभासीकरणासाठी मेमरीची वेगळी तक्ती आली. तिचा वेग मिळवायचा तर 4 केबीऐवजी 2 एमबीची मोठी पेज वापरणं फायद्याचं. अशा एका पेजमध्ये 512 छोटी पेज मावतात, आणि 512 च्या 512 तंतोतंत जुळण्याची शक्यता नगण्य. त्यामुळे ईएसएक्स मोठी पेज तोडून जुळवाजुळव करू लागला तो मेमरीची टंचाई जाणवल्यावरच. मग 2014 मध्ये दुसरा घाव बसला. सामायिक पेज कॅशमधून किती पटकन वाचलं जातं हे मोजून शेजारच्या व्हीएममधली एन्क्रिप्शनची किल्ली काढता येते, असं संशोधकांनी दाखवलं. त्यानंतर व्हीएमवेअरने वेगवेगळ्या व्हीएममधलं शेअरिंग मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली.

बचत गेली, पण वाटपाची जुनी सवय गेली नाही. सव्वापट वाटप पूर्वी शेअरिंगमध्ये जिरायचं, आता त्याचा सगळा भार फुग्यावर येतो. आणि फुग्याला मर्यादा आहेत. तो गेस्टच्या मदतीशिवाय फुगत नाही. ड्रायव्हर नसेल, गेस्ट अजून बूट होत असेल किंवा मागणी फारच झपाट्याने आली, तर होस्ट थेट स्वॅपवर उतरतो आणि 1974 चा पेच जसाच्या तसा समोर उभा राहतो.

दोन्हींतला फरक ओळखता येतो. `esxtop` मध्ये `m` दाबलं की `MCTLSZ` हा फुग्याचा आकार आणि `SWCUR` हा होस्टने स्वॅप केलेला भाग. एकट्या `SWCUR` ला घाबरू नये. ती पेज गेस्टने मागितल्याशिवाय परत येत नाहीत, त्यामुळे तो आकडा मागच्या आठवड्यातल्या टंचाईचा व्रणही असू शकतो. `SWR/s`, म्हणजे स्वॅपमधून परत वाचण्याचा वेग, हलत असेल, तर मात्र दुखणं आत्ताचं आहे. केव्हीएमवर चित्र वेगळं दिसतं: तिथे फुगा सहसा आपोआप फुगत नाही, `virsh setmem` ने फुगवावा लागतो, आणि गेस्टमध्ये एकूण मेमरीच कमी झालेली दिसते.

आमच्या डेटाबेसच्या व्हीएमला पूर्ण आठ जीबीचं रिझर्व्हेशन, म्हणजे खऱ्या रॅमची हमी, दिलं आणि फुगा काही मिनिटांत शून्यावर आला. अर्थात ते साडेतीन जीबी आकाशातून पडले नाहीत, बाकीच्या 19 जणांच्या ताटातून आले. म्हणून त्यातल्या सहा व्हीएम, ज्या कधी तीन जीबीच्या वर गेल्याच नव्हत्या, त्या चार जीबीच्या केल्या. वाटप 136 जीबीवर आलं आणि बॅकअपच्या वेळा दोन गटांत विभागल्या.

एवढं करूनही पहिल्या सकाळी डेटाबेस हळूच होता. फुगा गेला, तरी गेस्टने स्वॅपमध्ये टाकलेले 2933 एमबी तिथेच पडून होते, आणि प्रत्येक क्वेरी त्यातली चार-चार पेज ओढत होती. मोकळी मेमरी पुरेशी आहे ना, हे आधी `free -m` ने पाहून घेतलं आणि मग हे चालवलं:

```
swapoff -a && swapon -a
```

ते संपायला अकरा मिनिटं लागली.