श्रुतलेखनातील ऱ्हस्व-दीर्घ

शिक्षकाने वाचलेले ऐकून मुलाने लिहिलेल्या मजकुरात वेलांटी व उकार पहिला की दुसरा, एवढ्यापुरती केलेली तपासणी. या चुका कानाने पकडता येत नाहीत. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द रोजच्या बोलण्यात सारखेच ऐकू येतात. त्यामुळे मुलाला आधार उरतो तो मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांचा (1962, 1972 मध्ये 4 नियमांची भर).

तिसरीतल्या मुलाच्या वहीतला हा कल्पित उतारा पाहा: ‘बहिण फूलांची परडी घेऊन मंदीरात गेली. तीथे एक गरीब म्हातारी होती. बहिणीने तीला दोन फूले दिलि.’

चुकलेले शब्द सात, पण चुकीची कारणे तेवढी नाहीत. मुलाची समजूत अशी, की शब्द एकदा जसा लिहिला तसाच तो सगळीकडे राहतो. मराठीत तसे होत नाही. अकारान्त शब्दातले शेवटून दुसरे अक्षर, म्हणजे उपान्त्य, इकारी वा उकारी असेल तर ते दीर्घ असते: बहीण, फूल, गरीब. पण शब्दाला प्रत्यय लागून सामान्यरूप झाले की तेच ऱ्हस्व होते: बहिणीने, फुलांची, गरिबाला. ‘फुले’मध्येही शेवटचे अक्षर दीर्घ असल्याने आधीचा उकार पहिला. मुलाने ‘फूल’ पुढे ओढले, तर ‘बहिणी’ मागे. ‘तीला’ आणि ‘तीथे’ मात्र ‘ती’वरून आले.

‘मंदीरात’ची गोष्ट वेगळी. इथे मुलाने ‘गरीब’चा नियम प्रामाणिकपणे लावला आहे. ‘मंदिर’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, म्हणजे तत्सम शब्द. त्याला हा नियम लागत नाही. तसेच ‘गुण’, ‘विष’. तत्सम शब्द ओळखायची सोपी खूण मुलापाशी नसते, म्हणून ते पाठच करून घ्यावे लागतात. ‘दिलि’ला शेवटची वेलांटी दुसरी हवी, ‘आणि’, ‘परंतु’ यांसारखे मोजके अपवाद सोडले तर शब्दाच्या शेवटी इकार-उकार दीर्घच असतो.

खूण करताना पूर्ण शब्दावर काट मारू नये. चुकलेल्या अक्षराखालीच रेघ द्यावी आणि समासात कारणाचे अक्षर लिहावे: ‘उ’ उपान्त्य, ‘सा’ सामान्यरूप, ‘त’ तत्सम, ‘शे’ शेवट. इथे ‘बहिण’ला उ, ‘फूलांची’ला सा, ‘फूले’ला उ, ‘मंदीरात’ला त, ‘तीला’ला सा, ‘तीथे’ला उ, ‘दिलि’ला शे. ‘बहिणीने’ बरोबर आहे. घाईत तपासणारा ‘बहीण’ आठवून त्यावरही लाल शाई फिरवतो.

एकाच मूळ शब्दाची चूक एकदाच धरावी. ‘फूलांची’ व ‘फूले’ मिळून एक, ‘तीला’ व ‘तीथे’ मिळून एक. म्हणजे चुका पाच. चुकीला अर्धा गुण कापला तर 10 पैकी साडेसात. ‘शिर’ (डोके) आणि ‘शीर’ (रक्तवाहिनी) यांसारखा शब्द वाक्याविना सुटा सांगितला असेल, तर त्याचा गुण कापू नये.